कंटाळा आणि धास्ती यांच्यामधली वाट

फुली-गोळ्याचा डाव सहा वर्षांच्या मुलाला तासभर गुंतवून ठेवतो. तेच मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की एके दिवशी त्याच्या लक्षात येते, दोघांनीही चूक केली नाही तर हा डाव नेहमी बरोबरीतच सुटतो. त्या दिवसानंतर त्याला तो खेळ नकोसा होतो. नऊ घरे तीच, नियम तेच. बदललेले असते ते फक्त मूल. याउलट त्याच मुलाला बुद्धिबळाच्या स्पर्धेत मुरलेल्या खेळाडूसमोर बसवले तर दहाव्या खेळीपर्यंत त्याच्या हाताला घाम सुटतो आणि डाव कधी एकदा संपतो असे त्याला वाटू लागते. खेळ चांगला की वाईट, हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी गैरलागू ठरतो. प्रश्न आहे तो खेळाने घातलेले आव्हान आणि खेळणाऱ्याचे कौशल्य यांची गाठ कुठे पडते, याचा.

ही गाठ शास्त्रीय पद्धतीने तपासणारे मानसशास्त्रज्ञ म्हणजे मिहाय चिक्सेंटमिहाय. जन्माने हंगेरियन आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या संशोधकाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यविशारद अशा माणसांच्या मुलाखती घेतल्या. मोबदल्याचा हिशेब बाजूला ठेवूनही ही माणसे त्या कामात इतकी का रमतात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. क्षेत्रे भिन्न असूनही वर्णने विलक्षण सारखी निघाली. वेळेचे भान राहत नाही, ‘मी’ची जाणीव मावळते, कृती आणि जाणीव एकच होतात, पुढचे पाऊल कोणते हे आपोआप कळते. अनेकांनी वाहत्या पाण्यासोबत जाण्याची उपमा दिली आणि त्यावरून या अवस्थेला ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह, हे नाव पडले. मराठीत तिला प्रवाहावस्था म्हणता येईल. आपल्याकडे ‘भान हरपणे’ हा शब्दप्रयोग तर आधीपासूनच आहे.

१९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात एक साधी आकृती आहे. आडव्या अक्षावर कौशल्य, उभ्या अक्षावर आव्हान आणि मधून तिरकी वर जाणारी एक वाट. आव्हान वाटेच्या वर गेले की धास्ती, कौशल्य वाटेच्या पलीकडे गेले की कंटाळा. ही वाट स्थिर बिंदू नसून चढती आहे, हा त्या आकृतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. खेळता खेळता कौशल्य वाढते, त्यामुळे आज जे आव्हान पुरेसे आहे ते पुढच्या आठवड्यात अपुरे पडते. खेळ रचणाऱ्यापुढचा खरा पेच इथेच सुरू होतो: खेळाडू पुढे सरकतो त्याच वेगाने आव्हान कसे वाढवायचे?

या प्रश्नाचे उत्तर टेट्रिस या खेळात जितके उघडपणे मोजता येते तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या खेळात येते. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तो तयार केला. दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच अशी एक उभी विहीर. चार-चार चौकोनांचे सात प्रकारचे तुकडे वरून एकेक करून पडतात. ते फिरवून, डावी-उजवीकडे सरकवून असे बसवायचे की आडवी ओळ सलग भरेल. भरलेली ओळ नाहीशी होते. तुकड्यांचा ढीग वर टेकला की डाव संपला. एवढेच. पुढील हिशेबासाठी १९८९ मध्ये निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेतील आपल्या घरगुती खेळयंत्रासाठी काढलेली आवृत्ती घेऊ, कारण तिचे वेग नेमकेपणाने माहीत आहेत.

त्या यंत्रावर पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलते. शून्याव्या पातळीवर तुकडा अशा ४८ चित्रांत एक घर खाली येतो. म्हणजे रिकाम्या विहिरीच्या तळाशी पोहोचायला त्याला सोळा सेकंद लागतात. नवशिक्याला तुकडा ओळखायला, कोणत्या बाजूने फिरवायचा ते आठवायला आणि जागा शोधायला हा अवधी हवाच असतो. दहा ओळी पूर्ण केल्या की पातळी एकाने वाढते आणि दर घरामागची पाच चित्रे कमी होतात: ४८, ४३, ३८, ३३. आठव्या पातळीवर फक्त आठ चित्रे उरतात; सोळा सेकंदांचे पावणेतीन सेकंदांहून थोडे कमी होतात.

दर वेळी पाचच चित्रे वजा होतात, त्यामुळे वरवर पाहता ही वाढ अगदी समान वाटते. पण ४८ मधून पाच गेले तर अवधी जेमतेम दहा टक्क्यांनी घटतो. १३ मधून पाच गेले तर तो एक तृतीयांशाहून अधिक घटतो. सुरुवातीच्या पायऱ्या ठेंगण्या आणि पुढच्या उंच अशी ही चढण आहे. आणि प्रत्येक पायरीवर सराव करायला मिळतात साधारण पंचवीस तुकडे, कारण दहा ओळी म्हणजे शंभर घरे आणि एका तुकड्याची घरे चार. सातवीपर्यंत निर्धास्त आलेला खेळाडू आठवीत अचानक गडबडतो, याचे कारण त्याच्या मनोधैर्यात शोधण्याऐवजी या वजाबाकीत शोधलेले बरे. दहाव्या पातळीनंतर रचना बदलते. दहा, अकरा आणि बारा या तीन पातळ्यांवर वेग एकच राहतो, पुढच्या तिघींवर पुन्हा एकच. चढण थोडी थांबते आणि खेळाडूला नव्या वेगात स्थिरावायला तीस ओळींचा अवकाश मिळतो.

तरीही केवळ वेगाचे कोष्टक एवढ्या निरनिराळ्या कौशल्याच्या माणसांना पुरले नसते. टेट्रिसची खरी करामत अशी की आव्हानाची किल्ली बऱ्याच अंशी खेळणाऱ्याच्या हाती दिली आहे. निष्णात माणसाला शून्याव्या पातळीवरचे सोळा सेकंद असह्य वाटतात. त्याने खालचे बटण दाबले की तुकडा झरझर उतरतो. कंटाळा आलेला माणूस खेळ सोडून देण्याऐवजी खेळाला घाईला लावतो. शिवाय प्रारंभाची पातळी निवडण्याची मुभा आहेच.

त्याहून सूक्ष्म किल्ली गुणांच्या पद्धतीत आहे. एकावेळी एक ओळ उडवली तर ४० गुण, चार ओळी एकदम उडवल्या तर १२००, आणि त्यांना पातळीनुसार वाढत जाणारा गुणक. चार सुट्या ओळींचे १६० होतात हे लक्षात घेतले तर फरक साडेसात पटींचा आहे. चार ओळी एकदम उडवायच्या तर एका कडेचा उभा स्तंभ मोकळा ठेवून बाकीचा ढीग उंच रचत जावे लागते आणि चार घरांच्या सरळ दांड्याची वाट पाहावी लागते. म्हणजे ज्याला खेळ सोपा वाटू लागला आहे तो आपण होऊन जोखीम पत्करतो आणि स्वतःचे आव्हान वाढवतो. ज्याची तेवढी तयारी नाही तो एकेक ओळ उडवत सुखाने खेळतो. दोघे एकाच पातळीवर, एकाच वेगात, पण दोन वेगळे खेळ खेळत असतात.

आता धास्तीकडे. ढीग उंच झाला की तुकड्याला पडायला अंतर कमी उरते, म्हणजेच विचाराला वेळ कमी मिळतो. आठव्या पातळीवर विहीर अर्धी भरली आहे असे धरू. तुकड्याला दहा घरे पडायचे आहे. दर घराला आठ चित्रे, एकूण ऐंशी चित्रे, सव्वा सेकंदाहून थोडे अधिक. तेराव्या पातळीवर दर घराला चार चित्रे असतात, तेव्हा रिकाम्या विहिरीतून वीस घरे पडायलाही ऐंशी चित्रेच लागतात. आठवीत ज्याने ढीग अर्ध्यावर चढू दिला तो प्रत्यक्षात तेरावी पातळी खेळत असतो, पण कौशल्य मात्र आठवीचेच. घाईत पुढचा तुकडा चुकीच्या जागी बसतो, खाली पोकळी राहते, ढीग आणखी वर येतो, वेळ आणखी आक्रसते. चुकीने आव्हान वाढते आणि वाढलेल्या आव्हानाने चूक होते. पाहणाऱ्याला हे चक्र सहज ओळखता येते. खेळाडू तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवू लागतो, पुढचा तुकडा दाखवणाऱ्या चौकोनाकडे पाहणे थांबवतो, आणि त्याची नजर ढिगाच्या शिखरावर खिळते. कंटाळलेल्याची लक्षणे नेमकी उलट: तो तुकड्यांची चित्रे रचून पाहतो, मध्येच इकडेतिकडे पाहतो, आणि बेफिकिरीने चुकतो.

याच चक्राला उलट दिशाही आहे, आणि टेट्रिस चिवट ठरला तो त्यामुळे. संकटात एखादी ओळ उडाली की ढीग खाली येतो, अवधी वाढतो, श्वास घ्यायला जागा मिळते. धास्तीच्या प्रदेशात गेलेला खेळाडू स्वतःच्या दोन-तीन चांगल्या कृतींनी पुन्हा वाटेवर येऊ शकतो. ज्या खेळात एक चूक झाली की उरलेला डाव केवळ औपचारिकता म्हणून ओढावा लागतो, त्या खेळात ही सोय नसते.

चिक्सेंटमिहाय यांनी प्रवाहावस्थेच्या ज्या इतर अटी सांगितल्या, म्हणजे स्पष्ट उद्दिष्ट आणि कृतीचा परिणाम तत्काळ दिसणे, त्या इथे विनासायास पुऱ्या होतात. मात्र आणखी एक अट, परिस्थितीवर आपला ताबा असल्याची जाणीव, ही मूळच्या रचनेत लंगडी होती. सात तुकड्यांपैकी कोणता येणार हे जवळपास निव्वळ योगायोगावर असे. सरळ दांडा यावा म्हणून ढीग रचून ठेवावा आणि तो येऊच नये, हा अनुभव जुन्या खेळाडूंच्या चांगला परिचयाचा. ढोबळ हिशेबाने सलग २८ तुकड्यांत एकही दांडा न येण्याची शक्यता पंचाहत्तरात एक आहे. मोठ्या डावात ती कधी ना कधी गाठतेच. नंतरच्या अधिकृत आवृत्त्यांत सातही तुकडे जणू एका पिशवीत घालून एकेक काढले जातात आणि पिशवी रिकामी झाल्यावरच पुन्हा भरली जाते. त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये बारापेक्षा अधिक तुकडे येऊच शकत नाहीत. अनिश्चितता उरते, पण तिला सीमा असते आणि तिच्याभोवती बेत आखता येतो. असहायता आणि आव्हान यांतला फरक तो हाच. जुन्या पद्धतीत थरार अधिक होता असे मानणारे आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

आकृतीतील वाटेला वरचे टोक आहे काय? १९८९ च्या आवृत्तीत अनेक वर्षे ते एकोणतिसाव्या पातळीवर आहे असे समजले जाई. तिथे तुकडा दर चित्राला एक घर पडतो, म्हणजे वीस घरे एक तृतीयांश सेकंदात. अडचण केवळ मानवी नजरेची नव्हती. दिशेचे बटण दाबून धरले तर यंत्र तुकड्याला सेकंदाला दहाच घरे सरकवते, म्हणजे तेवढ्या वेळात तीन-साडेतीन. मधोमध प्रकटलेला दांडा उभा करून डाव्या भिंतीपर्यंत न्यायला मात्र पाच घरे लागतात. बटण धरून ठेवणाऱ्याला कडेचे स्तंभ गाठताच येत नसत. मग काही खेळाडूंनी बटण धरून ठेवण्याऐवजी अंगठा थरथरवत ते सेकंदाला दहापेक्षा अधिक वेळा दाबण्याचा सराव केला, आणि २०११ मध्ये तिसावी पातळी गाठली गेली. पुढे आणखी एक युक्ती निघाली: एका हाताचा अंगठा बटणावर स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे तबल्यावर फिरवावीत तशी यंत्राच्या पाठीवर एकामागून एक आपटायची. प्रत्येक आघात बटणाला अंगठ्यावर ढकलतो. या युक्तीच्या बळावर डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील १३ वर्षांच्या मुलाने १५७ वी पातळी गाठली आणि तिथे खेळाची आज्ञावलीच कोलमडून पडदा गोठला. अनेक वर्षे जी धास्तीची भिंत समजली जात होती ती कौशल्याचा अक्ष लांबताच वाटेत सामावली गेली.

सगळेच खेळ आव्हानाची किल्ली खेळाडूच्या हाती देत नाहीत. २००५ मधील ‘रेझिडेंट ईव्हिल ४’ या खेळात खेळाडू किती चांगला खेळतो आहे याचा आतल्या आत हिशेब ठेवून शत्रूंची आक्रमकता कमी-अधिक केली जाते, आणि हे खेळाडूला सांगितले जात नाही. पद्धत परिणामकारक खरी, पण तिचे बिंग फुटले की गोडी जाते. आपण जिंकलो की आपल्याला जिंकू दिले, ही शंका मनात शिरली की ताबा असल्याची जाणीव उरत नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या जेनोव्हा चेन यांनी २००६ मध्ये आपल्या प्रबंधासोबत एक छोटा खेळ सादर केला, त्याचे नावच ‘फ्लो’. समुद्रात पोहणारा एक जीव. खोल जावे तसे पाणी धोकादायक होते, आणि किती खोल जायचे, केव्हा वर यायचे हे खेळाडू स्वतः ठरवतो. आव्हानाची निवड स्वतंत्र यादीतून करण्याऐवजी ती खेळाच्या हालचालीतच मिसळलेली आहे.

मराठी अंगणांत यावर फार जुना तोडगा आहे. लंगडी-लगोरीत मोठ्यांबरोबर खेळणारे धाकटे भावंड ‘कच्चे लिंबू’ ठरते. ते पळते, ओरडते, डाव घेते, पण बाद होत नाही. इथे काहीही लपवलेले नसते. सवलत सर्वांसमक्ष जाहीर होते. आणि मुलाला जेव्हा ती बोचू लागते, ‘मी कच्चे लिंबू नाही’ असे ते ठणकावते, तेव्हा त्याचे कौशल्य वाटेच्या कुठल्या बाजूला आले आहे हे मोजायला दुसरे साधन लागत नाही.

सापशिडीत मात्र निर्णय एकही नाही. फासे पडतील तसे सोंगटी हलवायची. पाच वर्षांचे मूल त्यात रमते, कारण मोजणे आणि शंभरापर्यंतचे आकडे ओळखणे हेच त्याच्यासाठी आव्हान असते. मोठ्या माणसासाठी तिथे आव्हानही नाही आणि कौशल्यही नाही. चिक्सेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या काळात लोकांजवळ पेजर देऊन, दिवसभरात अवचित वेळी तो वाजवून, त्या क्षणीची कृती आणि मनःस्थिती नोंदवून घेतली. त्यातून जुन्या आकृतीत एक दुरुस्ती झाली. आव्हान आणि कौशल्य दोन्ही खालच्या थरात असतील तर ती नुसती समान असून भागत नाही. तिथे तल्लीनता येत नाही, औदासीन्य येते. प्रवाहावस्थेसाठी दोन्ही त्या व्यक्तीच्या नेहमीच्या सरासरीच्या वर असावी लागतात.

मग प्रश्न उरतो तो असा, की आव्हान आणि कौशल्य दोन्ही नसलेल्या नाण्यांच्या यंत्रासमोर माणसे तासन्‌तास का बसतात? मांडवीच्या पात्रातील तरंगत्या कॅसिनोंकडे रोज पाहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला हा प्रश्न परका नाही. नताशा डाउ शुल या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने लास वेगासमधील अशा यंत्रांचा आणि त्यांवर खेळणाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०१२ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. खेळणाऱ्यांनी केलेली वर्णने बुद्धिबळपटूंच्या वर्णनांशी चकित करण्याइतकी मिळतीजुळती आहेत: वेळ विरघळतो, जग दूर जाते, ‘मी’ उरत नाही. आतल्या अवस्थेवरून दोन्ही वेगळे ओळखणे कठीण आहे, आणि प्रवाहावस्थेच्या कल्पनेची ही एक खरी मर्यादा आहे.

फरक दिसतो तो यंत्राच्या रचनेत. बटण दाबण्यापासून निकालापर्यंत काही सेकंद, लगेच पुढचा डाव, चढण मात्र नाही. हजाराव्या डावाला खेळणारा जिथे असतो तिथेच पहिल्या डावालाही होता. त्याची बोटे, नजर, अंदाज यांतले काहीच पुढे सरकलेले नसते. कौशल्याचा अक्ष मुळात नसल्यामुळे कौशल्य वाढून कंटाळा येण्याची वाटही बंद असते, आणि फुली-गोळा सोडणाऱ्या मुलासारखे ‘आता हे कळले’ म्हणून उठणे त्यात शक्य नसते. डाव थांबतो तो पैसे संपल्यावर. टेट्रिसमध्ये चार ओळी एकदम उडाल्या की खेळाडूचा चेहरा उजळतो. यंत्रासमोर बसणाऱ्यांपैकी काही जणांनी शुल यांना सांगितले ते असे, की मोठे बक्षीस लागले तर त्रासच होतो, कारण तेवढा वेळ हात थांबवावा लागतो.